अकरा बेचाळीसचा मुहूर्त

बाळ बरोबर अकरा बेचाळीसला बाहेर आलं. ती वेळ आजीनं काढून आणली होती. आमच्या भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे बघत ती साधून दिली, आणि त्यांना त्याचा थोडा अभिमानही वाटला असावा. मुलगी, दोन किलो सहाशे ग्रॅम. टाहो असा फोडला की बाहेर पॅसेजमध्ये पेढ्यांचा डबा उघडल्याचं मला आतून कळलं.

मी बालरोगतज्ज्ञ. ठरवून केलेल्या सिझरला माझं काम बहुतेक वेळा पाच मिनिटांचं असतं. पुसायचं, ऊब द्यायची, श्वास आणि ठोके बघायचे, आईच्या गालाला गाल लावून द्यायचा. मी हातमोजे काढून निघालेही होते. विसाव्या मिनिटाला सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, बाळ कण्हतंय."

हे कण्हणं एकदा कानात बसलं की विसरत नाही. प्रत्येक उच्छ्वासाला बारीकसा 'अंह्'. बाळ घसा अर्धवट मिटून हवा आत धरून ठेवू पाहतं, कारण सोडली तर फुफ्फुस मिटेल. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती, मिनिटाला ऐंशी श्वास. सर्जन टाके घालताना मान न वळवता म्हणाले, "रडलं ना छान? अडीच किलोच्या वर आहे, काही होत नाही." रडणं म्हणजे पास झाल्याचं सर्टिफिकेट आणि वजन म्हणजे वय, हे दोन समज घरच्यांचे असते तर चाललं असतं.

बाहेर आजीनं विचारलं, "पाणी प्यालं का हो बाळ?"

पाणी होतंच, पण प्यालेलं नव्हतं. ते फुफ्फुसानं स्वतःच तयार केलेलं असतं. नऊ महिने फुफ्फुसाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी क्षार आत सोडतात, त्यांच्यामागे पाणी येतं, आणि त्या पाण्याच्या ताणावरच फुफ्फुस वाढतं. दिवस भरताना किलोमागे पंचवीस-तीस मिली म्हटलं तर या पोरीच्या छातीत लहान कपभर तरी पाणी असणार. त्या जागी काही मिनिटांत हवा भरायची असते.

मग हे पाणी जातं कुठे? जन्मवाटेत छाती दाबली जाते आणि ते तोंडावाटे निघतं, असं मीही कित्येक वर्षं नातेवाइकांना सांगत आले. थोडं निघतंही. पण खरं काम कळा करतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल चढतं, आणि पाणी सोडणाऱ्या त्याच पेशी उलट चालू लागतात. सोडियम आत ओढतात, पाणी त्याच्यामागून रक्तात आणि लसिकेत शोषलं जातं. म्हणजे पंपाची दिशा बदलते. या आईला एकही कळ आलेली नव्हती.

नाकात नळ्या घालून बबल सीपॅप लावला. नळीचं दुसरं टोक बाटलीत पाच सेंटीमीटर पाण्याखाली असतं. तेवढा दाब छातीत टिकतो, हवेच्या पिशव्या मिटत नाहीत आणि पाणी मागे रेटलं जातं. बाटलीत बुडबुडे येत राहिले की आमच्या सिस्टर निम्म्या निर्धास्त होतात. एक्स-रेमध्ये फुफ्फुसं ओलसर, उजव्या बाजूला दोन पाळ्यांच्या फटीत पाण्याची रेघ. अशी बाळं दोन-तीन दिवसांत सुधारतात, म्हणून मीही निम्मी निर्धास्त होते.

दुपारी दोनला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर उजव्या हातावरून पायावर लावला. हातावर ऑक्सिजन 93 होता, पायावर 81. सेन्सर बदलला, पाय कोमट केला, तरी तेच. सीपॅपनं पाणी हटत होतं, पण फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांना जन्म झाल्याचं कळलेलं नव्हतं.

पोटात बाळाला ऑक्सिजन वारेकडून मिळतो. फुफ्फुसाच्या वाहिन्या घट्ट आवळलेल्या असतात, हृदयातून निघालेल्या रक्ताचा जेमतेम दहावा हिस्सा तिकडे जातो. बाकीचं दोन आडवाटांनी निघतं. एक, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक. दुसरी, फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी छोटी नळी, डक्टस. पहिल्या श्वासाला हवा शिरते, ऑक्सिजन चढतो, आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात आणि रक्त फुफ्फुसात धावतं. तिथून ते डाव्या कप्प्यात परततं, तिथला दाब वाढतो आणि भोकावरची झडप दारासारखी लागते. इकडे नाळ चिमटल्यावर वारेचा मोकळा रस्ता बंद, म्हणून महाधमनीतला दाब चढतो आणि डक्टसमधला प्रवाह उलटा फिरतो. ती नळी पुढच्या एक-दोन दिवसांत आवळून बंद होते.

इथे वाहिन्या आवळलेल्याच राहिल्या होत्या. अशुद्ध रक्त डक्टसमधून महाधमनीत घुसत होतं. उजव्या हाताची वाहिनी त्या जोडाच्या आधी फुटते, पायाकडचा रस्ता नंतर, म्हणून हात गुलाबी आणि पाय निळसर. हृदयाचा जन्मजात दोष नाही ना हे बघायला संध्याकाळी इको करवला. हृदय नीट होतं, डक्टसमधून रक्त दोन्हीकडे हेलकावत होतं.

अशा वेळी वाहिन्या सैल करायला द्यायचा नायट्रिक ऑक्साइड वायू आमच्याकडे नाही. सत्तर किलोमीटरवर आहे. पण अशा बाळाला नुसतं हलवलं, सुई टोचली, तरी वाहिन्या पुन्हा आवळतात. श्वासातून द्यायचा ऑक्सिजन 45 टक्क्यांवर भागत होता. साठच्या वर गेला तर न्यायचं असं ठरवून ॲम्ब्युलन्स दारात उभी ठेवली आणि पोटातल्या नळीतून त्याच कामाचं औषध, सिल्डेनाफिल, सुरू केलं. खोलीतला दिवा मंद केला, बाळाला हात न लावण्याची सक्त ताकीद दिली. त्या रात्री मी तीनदा हात-पायाचे आकडे वहीत लिहिले. 93-82. 94-84. पहाटे 94-89.

त्याच रात्री बाबांनी माहेरची फाइल आणून दिली. त्यात नवव्या आठवड्याची सोनोग्राफी होती. पाळीच्या तारखेवरून अडतीस आठवडे पूर्ण होत होते. त्या सोनोग्राफीवरून नऊ दिवस कमी, म्हणजे छत्तीस आठवडे पाच दिवस. तेव्हाच्या सोनोग्राफीत सात दिवसांहून जास्त फरक आला की तिचीच तारीख धरायची, हे आम्ही सगळे परीक्षेत लिहून पास झालोय. मुहूर्त मात्र पाळीच्या तारखेवर निघाला होता.

बाबांना समजावताना मी केसपेपरच्या मागे झाड काढलं. सतराव्या आठवड्यापर्यंत श्वासनळ्यांच्या फांद्या फुटून होतात. मग पुढच्या आठ-नऊ आठवड्यांत त्यांच्या टोकांशी केशवाहिन्या येऊन बिलगतात. चोविसाव्याच्या सुमारास पिशव्या मिटू न देणारं सरफॅक्टंट तयार करणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि पस्तिशीच्या आसपास ते बहुधा पुरेसं होतं. खरे वायुकोश छत्तिसाव्यानंतर बनू लागतात, बहुतेक तर जन्मानंतर. "म्हणजे फुफ्फुस कच्चं नव्हतं?" त्यांनी विचारलं. फारसं नव्हतं. पानं आली होती, पाणी उपसायची वेळ झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी हात-पाय दोन्ही 96 झाले. साठ तासांनी सीपॅप निघाला, चौथ्या दिवशी ती आईच्या अंगावर प्यायली. घरी जाताना आजीनं हळूच विचारलं, पत्रिकेसाठी वेळ बाळ बाहेर आल्याची धरायची की रडल्याची? मी बाहेर आल्याची म्हटलं. डक्टस बंद झाल्याची म्हणावंसं वाटलं होतं.

आता मी ठरवलेल्या सिझरला उभी राहण्याआधी पहिली सोनोग्राफी मागते. गेल्या आठवड्यात एका सर्जननी ती दाखवली नाही. "मॅडम, तुम्ही फक्त बाळ बघा," म्हणाले. त्या मुहूर्ताच्या दिवशी मी फाइल न बघता हातमोजे घातले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.