आईची चिठ्ठी आणि साखरेचं बोट

मी मधुमेही मुलांच्या घरच्यांना घरची देखभाल शिकवते. त्या दिवशी दुपारी साडेचारला एका आजींचा फोन आला. सात वर्षांची नात, टाइप 1 मधुमेह, आईवडील दोन दिवस बाहेरगावी. आईने वहीच्या पानावर सगळं लिहून ठेवलं होतं: तपासणी सकाळी उठल्यावर, प्रत्येक जेवणाआधी, झोपताना आणि रात्री दोनला. खाली लाल पेनाने, ‘70 च्या खाली आली तर दोन सपाट चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. तरी कमी असेल तर पुन्हा द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, ग्लुकागॉनचं इंजेक्शन द्या, रुग्णवाहिका बोलवा.’

चिठ्ठी चांगली होती. मूल 22 किलोचं, त्याला सात-आठ ग्रॅम साखर पुरते, तेही आईने बरोबर धरलं होतं.

आजी म्हणाल्या, “थरथरत होती, शुगर 58 आली. साखर दिली. आता 212 दाखवतंय. हे म्हणतात, जास्त झाली, इन्सुलिन द्यायचं का? पण पोर अजून घामाघूम आहे हो.”

मला आकड्यापेक्षा तो घाम खरा वाटला. दोन चमच्यांनी पंधरा मिनिटांत 58 वरून 212? सहसा होत नाही. विचारलं, साखर कशी दिली? पाणी प्यायला ती तयार नव्हती, म्हणून तळहातावर कोरडी साखर घेऊन चाटली. आणि टोचलं त्याच हाताचं बोट.

मीटरला रक्ताचा एवढासा थेंब लागतो. बोटाला चिकटलेली साखर त्यात विरघळते आणि आकडा फुगतो. त्यावर इन्सुलिन दिलं असतं, तर आधीच खाली असलेली शुगर आणखी कोसळली असती.

मी म्हटलं, “इन्सुलिनला हात लावू नका. साबणाने हात धुवा, कोरडा पुसा, दुसऱ्या हाताचं बोट टोचा. मी फोनवरच आहे.”

आलं 61.

पुन्हा दोन चमचे, या वेळी पाण्यात विरघळवून, आजोबांनी एकेक घोट पाजली. पंधरा मिनिटांनी 94. रात्रीच्या जेवणाला अजून बराच वेळ होता, म्हणून थोडं खायलाही दिलं. त्या रात्री दोनची तपासणी मुळीच चुकवू नका, हे मी दोनदा बजावलं. (आजोबांची शुगर गोळ्यांवर सांभाळलेली, त्यामुळे त्यांच्या मनात शुगर म्हणजे वाढलेलीच. त्यांना दोष देत नाही.)

आई परतल्यावर चिठ्ठी घेऊन भेटायला आली. आम्ही दोनच ओळी वाढवल्या: ‘टोचण्याआधी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवून कोरडे करा’ आणि ‘आकडा आणि मूल जुळत नसेल तर हात धुवून पुन्हा तपासा, तोवर इन्सुलिन नाही.’

आजींनी विचारलं, “प्रवासात पाणीच नसेल तर?”

पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा, मी सांगितलं. पण हाताला गोड लागलेलं असेल तर तेवढ्यावर भागत नाही. पाण्याची बाटली जवळ हवीच. तेही त्यांनी समासात लिहून घेतलं, स्वतःच्या अक्षरात.