वळताना आकसणारा चेहरा

त्या शॉटमध्ये फार काही घडत नव्हते. दहा-अकरा वर्षांची, गोल गालांची, कपाळावर टिकली लावलेली एक मुलगी समोर पाहत बसलेली असते, आतून हाक येते आणि ती मान वळवून पडद्याच्या उजवीकडे, थ्री-क्वार्टरमध्ये, म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधल्या तिरक्या कोनात पाहते. सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशोबात हे वळण 1 ते 13 फ्रेमपर्यंतचे होते आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचे असल्याने 1, 3, 5 अशा 13 पर्यंतच्या क्रमांकांची एकूण सात चित्रे लागत होती. पहिले आणि शेवटचे चित्र, म्हणजे की-चित्रे, मुख्य अ‍ॅनिमेटरने काढून दिली होती; मधली पाच माझ्या गटातल्या एका तरुण सहकाऱ्याने भरली होती. आमच्या स्टुडिओत इनबिटवीन, म्हणजे अशी मधली चित्रे, तपासण्याचे काम माझ्याकडे असल्याने तो शॉट रेषा नितळ करण्याच्या टप्प्याला, म्हणजे क्लीनअपला, जाण्याआधी माझ्यासमोर आला.

चालवून पाहिल्यावर दोष लगेच दिसला, पण त्याचे नाव चटकन सांगता येत नव्हते. वळणाच्या मध्यावर चेहरा आकसत होता आणि शेवटाकडे पुन्हा फुगत होता. क्षणभर ती मुलगी थोडी मोठ्या वयाची, हडकुळी वाटे आणि मग परत मूळ रूपात येई. मी आधी दोन्ही की-चित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली, कारण अनेकदा मूळ गडबड तिथेच असते: एका चित्रातली डोळ्यांची रेषा किंवा हनुवटी दुसऱ्यापेक्षा वर-खाली असेल, तर मधली चित्रे कितीही नेटकी असली तरी चेहरा घसरतोच. इथे मात्र दोन्ही चित्रांतली उंची तंतोतंत जुळत होती. म्हणजे दोष मधल्या चित्रांतच होता.

"ताई, प्रत्येक रेष मी दोन रेषांच्या बरोबर मध्ये काढली आहे. तुम्ही मोजून पाहा," असे तो म्हणाला. मी मोजले, आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. 7 क्रमांकाच्या चित्रात, जे वळणाच्या ऐन मध्यावर येते, प्रत्येक गोष्ट पहिल्या आणि शेवटच्या चित्राच्या नेमकी मधोमध होती. त्या दिवसाची खरी गोष्ट मला इथे दिसली, कारण चेहरा आकसण्याचे कारण ही अचूकताच होती.

मी कोरा थर घेतला आणि त्यावर डोके वरून पाहिल्यासारखे एक वर्तुळ काढले. समोरून दिसणाऱ्या डोक्याची रुंदी 100 भाग धरली, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 50. चेहरा 45 अंशांत वळायचा होता. टिकली, डोळे आणि कान वर्तुळाच्या परिघावर खुणा करून मांडले, ते वर्तुळ अर्धे, म्हणजे साडेबावीस अंश फिरवले आणि प्रत्येक खुणेपासून सरळ खाली रेषा सोडून ती समोरून कुठे दिसेल ते पाहिले. या मुलीच्या दोन डोळ्यांच्या मध्यांमधले अंतर समोरून 42 भाग होते आणि थ्री-क्वार्टरमध्ये 30. सरळ मधोमध काढले की ते 36 येते. वर्तुळ फिरवून पाहिले तर 39 यायला हवे. आपल्या बाजूचा कान मध्यापासून 50 भागांवरून 35 वर येत होता. मधोमध काढलेल्या चित्रात तो 43 च्या आसपास होता, वर्तुळाप्रमाणे तो 46 वर हवा. टिकलीत मात्र फरक जेमतेम एक-दीड भागाचा होता, आणि म्हणून त्याला वाटत होते की आपले वळण अगदी बरोबर आहे. तो टिकलीच्या मार्गाकडे पाहत होता.

वळणाऱ्या गोलावरचा बिंदू मध्याजवळ असताना भराभर सरकतो आणि कडेजवळ असताना जवळजवळ जागचा हलत नाही. म्हणून कान सुरुवातीला रेंगाळतो आणि नंतर आत येतो. डोळ्यांमधले अंतर आधी हळूहळू आणि मग वेगाने कमी होते. सरळ मध्य घेतला की डोळे एकमेकांकडे तीन भाग जास्त ओढले जातात आणि कानही तेवढाच आत घुसतो. दोन्ही चुका एकाच दिशेच्या असल्याने डोळ्याला त्या वेगळ्या न दिसता, चेहराच लहान झाल्यासारखा भासतो. सपाट फलक एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकवायचा असेल तर मधोमध रेष काढण्याचा नियम बिनचूक आहे. वळणारे डोके त्या नियमात बसत नाही.

यानंतर आम्ही मध्य रेषांचा न घेता अंशांचा घेतला. सात चित्रांसाठी 0, 4, 12, साडेबावीस, 33, 41 आणि 45 असे कोन ठरवले, म्हणजे सुरुवात आणि शेवट मऊ राहिले, आणि प्रत्येक कोनाला वर्तुळ फिरवून खुणा घेतल्या. आधी 7 क्रमांकाचे चित्र, मग 1 आणि 7 च्या मधली, मग 7 आणि 13 च्या मधली, हा क्रम मी कटाक्षाने पाळायला लावते. एकापाठोपाठ एक चित्र शेजारच्यावरून काढत गेले की बारीक चूक पुढच्या चित्रात उतरते आणि साचत जाते.

तरीही चेहऱ्याच्या दूरच्या बाजूला, कानशिलापाशी, एक खळगा उरला होता. सगळी डोकी एका सपाट करड्या रंगाने भरून चालवल्यावर तो ठळक दिसला. त्याने पहिल्या चित्रातली उजवीकडची बाह्यरेषा शेवटच्या चित्रातल्या उजव्या बाह्यरेषेला जोडली होती. पण समोरून दिसणारी ती रेषा कानाजवळच्या जबड्याची असते, आणि थ्री-क्वार्टरमध्ये तिथे भुवईचे हाड, डोळ्याची खोबण आणि गालाचा उंचवटा दिसतो. बाह्यरेषा ही चेहऱ्यावर कोरलेली रेषा नाही. चेहरा जिथे आपल्यापासून पाठ फिरवतो ती ती जागा आहे, आणि वळताना ती बदलते. जबडा आणि गाल यांचा मध्य काढला की दोन्ही नसलेला खळगाच हाती येतो. त्यामुळे दूरचा कान 3 मध्ये निसटता ठेवायचा, 5 मध्ये नाहीसा करायचा आणि तिथून पुढे गालाच्या उंचवट्यानेच कड धरायची, असे ठरवून त्याने ती बाजू नव्याने बांधली.

दुपारनंतर मुख्य अ‍ॅनिमेटरने मध्यावर मान किंचित खाली झुकवायला सांगितली, कारण तसे न केल्यास वळण यांत्रिक वाटते. आता डोळे ते हनुवटी हे अंतर 7 मध्ये कमी झाले आणि माझा सहकारी पुन्हा धास्तावला. मला मात्र ते योग्य वाटले: झुकलेल्या डोक्यात कपाळ जास्त दिसते, खालचा चेहरा आखडतो आणि डोळ्यांची रेषा खाली कमान करते. अशा वेळी चेहऱ्याचे माप घेऊन काही सिद्ध होत नाही, कवटीच्या गोलाचे माप घ्यावे लागते. सातही चित्रे सरकवून आम्ही गोलावर गोल बसवले. ते एकाच आकाराचे निघाले.

दूरच्या डोळ्यावर थोडी चर्चा झाली. वर्तुळाच्या हिशोबाने तो शेवटी जेवढा चिंचोळा व्हायला हवा, त्यापेक्षा पात्राचे ठरलेले रूप दाखवणाऱ्या मॉडेल शीटमध्ये आणि की-चित्रात तो बराच रुंद होता, कारण या मुलीचे भाव त्या डोळ्यातूनही वाचता यावेत असे ते डिझाइन आहे. मी तिथे डिझाइनच्या बाजूने उभी राहिले. डोळ्याची जागा वर्तुळावरून घ्यायची आणि त्याची रुंदी की-चित्रातून. 9 पर्यंत ती फारशी कमी करायची नाही आणि 11 ते 13 मध्ये उतरवायची. चालवून पाहिल्यावर मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच राहिली, आणि मी शॉट क्लीनअपला पाठवताना मागच्या थरातली वर्तुळे पुसू नका अशी चिठ्ठी जोडली, कारण तिथे रेषा नितळ करण्याच्या नादात गालाची कड पुन्हा आत सरकण्याचा धोका असतो.