आजीच्या वहीतली नऊ पानं आणि तीन आठवडे

आजीने दोनशे पानी वहीत आपलं लहानपण लिहून काढलं. त्यातली मळ्याची नऊ पानं शुद्धलेखन आणि ओघ बघून नीट करायची, तिच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला छापायची आणि घरात 50 प्रती वाटायच्या, एवढंच ठरलं होतं. टंकलेखन मी चार रात्रींत उरकलं. घोडं अडलं ते मुद्रितशोधनाला. छापखान्यातून "सर बघतायत, ताई" एवढं एकच उत्तर तीन आठवडे येत राहिलं. पानं परत आली तेव्हा मी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरली आणि मला रडू आलं. चुका पुष्कळ निघाल्या म्हणून नव्हे. त्या पानांत आजी उरलीच नव्हती.

आजी माण तालुक्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. तिची शाळा 1950 च्या आसपास सुटली. आज आपण पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम 1962 सालचे, म्हणजे आजी लिहिते ते त्याआधीचं, मास्तरांनी पाटीवर गिरवून घेतलेलं शुद्धलेखन. उच्चारात नसलेले अनुस्वार तिच्या हातात पक्के बसलेत: घरांत, उन्हांत, कीं, भरलें. हे मला आधी माहीत असतं तर मी पहिल्या रात्री ते सगळे टिंब चुका समजून सरसकट उडवले नसते. वही हातात घ्याल तेव्हा लिहिणारं माणूस कोणत्या साली शाळेत होतं ते आधी विचारा. निम्मी "अशुद्धं" तिथेच निकालात निघतात.

तिचा एक परिच्छेद वहीत आहे तसाच देते:

"मोट सुरूं झाली कीं थोरला बापू मला म्हणे जा दारं धर मग मी परकर खोंचून पाटानें पळत जाई आणि पहिल्या वाकुऱ्याचें दार फोडी आणि पाणी भरलें कीं खोऱ्यानें माती ओढून तें बंद करी आणि दुसरें फोडी आणि उन्हांत पाय गार लागत तें मला फार आवडे"

विरामचिन्ह एकही नाही, शेवटी पूर्णविरामसुद्धा नाही. छापखान्यातून तो असा आला:

"मोटर सुरू झाली की थोरले बापू मला म्हणत, 'जा, दार धर.' मग मी परकर खोचून पाटावरून पळत जात असे व पहिल्या वाफ्याचे दार उघडत असे. पाणी भरल्यावर फावड्याने माती ओढून ते बंद करीत असे व त्यानंतर दुसरे दार उघडत असे. उन्हामध्ये पायांना गारवा जाणवत असे व ते मला अत्यंत आवडत असे."

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, पण यातलं शेतच खोटं झालंय.

मोटेची मोटर झाली हा सगळ्यात मोठा घाव. मुद्रितशोधकांना वाटलं, र लिहायचा राहिला. मोट म्हणजे विहिरीतून बैलांनी ओढायची चामड्याची पखाल. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, गेले की नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ताणला जातो आणि मोट वर येते. सोंदूर, म्हणजे सोंडेला बांधलेला बारीक दोर, खेचून तिची सोंड थारोळ्यात, विहिरीच्या काठावरच्या छोट्या हौदात, रिकामी होते आणि तिथून पाणी पाटाला लागतं. बैल मागे येईस्तोवर पाण्याचा जोर ओसरतो. मोटेचं पाणी असं लोंढ्यालोंढ्याने येतं, म्हणून तर आठ-नऊ वर्षांच्या पोरीला मधल्या वेळात माती ओढून वाकुरं बंद करणं जमायचं. मोटर लावली की बैल गेले, धाव गेली, आणि त्या पोरीचा बेतशीर वेळही गेला. शिवाय त्या गावात तेव्हा वीजच नव्हती.

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाकुऱ्यात, म्हणजे वाफ्यात, वळवणं. दार म्हणजे मातीच्या बांधाला पाडलेली वाट. ती खोऱ्याने फोडतात, उघडत नाहीत. "दार धर" वाचून पुढच्या पिढीला मुलगी मळ्यातल्या खोपटाच्या दाराशी उभी दिसेल. पाटाने पळणं म्हणजे पाण्याच्या सोबतीने, त्याच्या काठाने पळणं. "पाटावरून" म्हटलं की पाणी ओलांडून उडी मारल्यासारखं होतं.

आणि "थोरले बापू" कुठून आले? तो तिचा सख्खा भाऊ. त्यांच्या घरात थोरल्या भावाला कुणी अहोजाहो केलेलं नाही. एका आदरार्थी बहुवचनाने तो शेजारचा कुणी पुढारी झाला.

मी पानं घेऊन छापखान्यात गेले आणि मुद्रितशोधक सरांना भेटायचंय म्हणून बसून राहिले. पावणेदोन तासांनी ते आले. निवृत्त शिक्षक आहेत, बोलायला मऊ. मी मोटेचं सांगितल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं. बाकीच्यावर मात्र ते ठाम होते. "ताई, छापील मजकूर प्रमाण भाषेतच हवा. दारं, वाकुरं हे बोलीतलं झालं." मी नियमांची पुस्तिका पिशवीतून नेलीच होती. त्याच नियमांत लिहिलंय की पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घातली तर असं केलं, मी म्हटलं अशी अनुस्वाराची रूपं लिहावीत आणि इतर ठिकाणी असे केले, मी म्हटले अशी एकारान्त. "जा, दारं धर" हे बापूच्या तोंडचं आहे, मग तिथला अनुस्वार नियमानेच राहतो. निवेदनात आजीने स्वतःच भरलें, दुसरें लिहिलंय. टिंब काढलं की ते आजचं भरले, दुसरे होतं. म्हणजे निवेदन एकारान्त आणि संवाद बोलीत, ही विभागणी आजीनेच करून ठेवलेली होती. आणि वाकुरं, खोरं, मोट हे शब्द आहेत, चुकीच्या वर्तन्या नाहीत. त्यांना शुद्धलेखनाचा नियम लागतच नाही.

सरांनी चष्मा काढून पानं पुन्हा वाचली. "शब्दांची यादी दिली असतीत तर मी हात लावला नसता," असं ते म्हणाले. ते खरंच होतं, आणि ते मी तीन आठवड्यांपूर्वी केलं असतं तर आजीचा वाढदिवस टळला नसता याची बोच अजून आहे. वही छापायला देणार असाल तर न बदलायच्या शब्दांची यादी पहिल्या पानाला टाचून द्या, शेजारी एका ओळीत अर्थ लिहून. आमची 32 शब्दांची झाली. तीच पुढे शेवटच्या पानावर छापली, त्यामुळे मजकुरात एकही कंस घालावा लागला नाही.

एका ठिकाणी मात्र सरांपेक्षा माझी चूक मोठी होती. आजीने "रानांत हरभरा असे" लिहिलं होतं. आजच्या नियमाने रानात म्हणजे एका रानात, रानांत म्हणजे अनेक. जुन्या लेखनात दोन्हीकडे टिंब यायचं. मी ते जुन्या सवयीचं समजून काढलं आणि सरांनीही तसंच ठेवलं. आजीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, खालच्या रानात आन वरच्याबी. दोन्हीकडं हरबराच आसायचा." टिंब परत आलं. असे अनुस्वार नियमाने सुटत नाहीत, माणसालाच विचारावे लागतात.

आता ओघाचं. "जाई, फोडी, करी" हा रीतिभूतकाळ आहे, नेहमी घडणाऱ्या जुन्या गोष्टींसाठीचा. सरांनी त्याचं "जात असे, उघडत असे" केलं. मी आधी घरी "जायचे, फोडायचे, करायचे" करून बघितलं होतं. मोठ्याने वाचलं तर प्रत्येक वाक्य यचे-यचेवर आपटत होतं आणि पळणारी मुलगी थांबत थांबत चालत होती. आजीची दोन अक्षरी रूपं पाण्याच्या चालीने जातात, म्हणून तीच ठेवली. बदल फक्त अनेकवचनात केला. "आम्ही सांजच्याला विहिरीवर जाऊं" हे तिच्या दृष्टीने भूतकाळ, पण आजचा वाचक त्याला भविष्यकाळ समजणार. तिथे "जायचो" केलं. तिच्या चार "आणि"पैकी एकच ठेवला, बंद करी आणि दुसरे फोडी यांच्यामधला. त्या दोन कामांमध्ये श्वास घ्यायला वेळच नसतो, पूर्णविराम दिला तर पाणी फुकट जाईल.

शेवटी तो परिच्छेद असा झाला:

"मोट सुरू झाली की थोरला बापू मला म्हणे, 'जा, दारं धर.' मग मी परकर खोचून पाटाने पळत जाई. पहिल्या वाकुऱ्याचे दार फोडी. पाणी भरले की खोऱ्याने माती ओढून ते बंद करी आणि दुसरे फोडी. उन्हात पाय गार लागत. ते मला फार आवडे."

यात आजीचा एकही शब्द बदललेला नाही. टिंबं गेली, विरामचिन्हं आली, तीन "आणि" गळाले. एवढ्याशासाठी तीन आठवडे गेले याचा राग मला अजून येतो, पण हे पान मी कुणालाही अभिमानाने दाखवीन.

आधी सांगायचं राहिलं: मूळ वहीवर पेन्सिलसुद्धा लावू नका. प्रत्येक पानाचा फोटो काढा, छायाप्रतीवर खुणा करा. छापखान्यात गेले तेव्हा "मोट" हा शब्द आजीच्या अक्षरात, र नसलेला, मी सरांना फोनवर मोठा करून दाखवू शकले. आणि छापण्याआधी मजकूर लिहिणाऱ्यालाच वाचून दाखवा, हातात देऊ नका. आजी डोळ्यांनी वाचते तेव्हा टिंबं शोधते, ऐकते तेव्हा मळ्यात जाते.

अंतिम मुद्रित मी तिला असंच वाचून दाखवलं. पाय गार लागण्यापर्यंत आले तशी ती म्हणाली, "थांब. बापू धाववरनं वरडायचा ते कुठाय?"

"वहीत नाही गं, आजी."

"मग ऱ्हायलं आसंल. 'भरलं का गं?' म्हणून वरडायचा. मी 'भरलं' म्हटल्याबिगर बैलं हालवायचा न्हाई."

मी तिथूनच छापखान्यात फोन लावला. एक ओळ वाढली तर पान सरकेल, पुढची आठही सरकतील, असं तिकडून सांगितलं. म्हटलं, सरकू द्या.