सोळाव्या मिनिटाला तोरणा सुटली कशी?

"अहो, 11 च्या बुकिंगला मी सोळाव्या मिनिटाला तोरणा मीटिंग रूमच्या दारात होतो. बुकिंग माझं, आणि आत दुसरेच लोक बसलेले! पंधराच मिनिटं का? आणि सोडायचीच होती तर आधी विचारायला काय झालं होतं?"

विचारलं होतं हो. 11:10 ला तुम्हाला आठवणीचा मेल गेलाय. पण त्या वेळी तुम्ही आधीच्या मीटिंगमधून निघून लिफ्टसमोर उभे असणार, आणि लिफ्टसमोर उभं राहून कोणी मेल वाचत नाही हे मलाही कळतं. दर आठवड्याला कोणीतरी हाच प्रश्न घेऊन माझ्या डेस्कपाशी येतं, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात मीटिंग रूमना किल्ल्यांची नावं आहेत. शिवनेरी चार जणांची, तोरणा आठ, राजगड सोळा. (तोरणा हा किल्ला पुल्लिंगी असला तरी रूम स्त्रीलिंगी, त्यामुळे आमच्याकडे तोरणा 'सुटते'.) प्रत्येक दाराशेजारी एक छोटं पॅनेल आहे. बुकिंगच्या दहा मिनिटं आधीपासून त्यावर चेक-इनचं बटण दिसतं. 11 चं बुकिंग असेल तर 10:50 ते 11:15 या वेळात कोणीही एकाने ते दाबलं की झालं. नाही दाबलं तर 11:15 ला रूम स्वतःच्या कॅलेंडरमधून तुमचं बुकिंग नाकारते, पॅनेलचा दिवा लालचा हिरवा होतो आणि जो समोर असेल तो रूम घेतो. तुमच्या वेळी टेस्टिंगचे तिघं लॅपटॉप हातात घेऊन पॅसेजमध्ये जागा शोधत होते. त्यांनी काहीही चुकीचं केलं नाही.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रूम सुटते, मीटिंग रद्द होत नाही. तुमच्या टीमच्या कॅलेंडरवर मीटिंग तशीच राहते आणि निमंत्रणात ठिकाण म्हणून 'तोरणा' हे नावही तसंच राहतं. रूमने नकार दिल्याचा मेल फक्त बोलावणाऱ्याला जातो. त्यामुळे तुम्हाला कळलं तरी तुमची माणसं 11:20 पर्यंत एकेक करून तोरणाचं दार उघडत राहतात आणि आतले लोक प्रत्येकाकडे मान वर करून बघतात.

आता पंधराचं. आधी आम्ही दहा ठेवले होते. तेव्हा माझ्याकडे येणारे बहुतेक लोक आळशी नव्हते, त्यांची आधीची मीटिंग 11 ला संपलेली असायची. म्हणजे प्रत्यक्षात 11:03 ला. मग तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर, वाटेत पाण्याची बाटली भरायची, वाटेतच कोणीतरी "एक मिनिट हां" म्हणून थांबवायचं. 11:11 ला माणूस दारात आणि रूम गेलेली. पंधरा केल्यावर ही भांडणं बरीच थांबली. वीस किंवा तीस केले तर? तासाच्या बुकिंगमध्ये 11:15 ला सुटलेली रूम पुढच्याला 45 मिनिटं मिळते, त्याला ती दिसून आत जाऊन बसेपर्यंत चाळीस. त्यात काम होतं. तिसाव्या मिनिटाला सुटलेल्या रूमचं कोणी काय करणार?

अर्ध्या तासाच्या बुकिंगला मात्र पंधराचा हिशेब लागू पडत नाही. निम्मा वेळ वाट बघण्यातच जातो, आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत स्क्रीनची केबल सापडली तरी नशीब. आमचं पॅनेल मीटिंग किती वेळाची आहे ते बघत नाही, एका रूमला एकच आकडा देता येतो. म्हणून शिवनेरीत, जिथे बहुतेक बुकिंग अर्ध्या तासाचंच असतं, दहा ठेवलेत. बाकीकडे पंधरा. क्लायंटसाठी राखीव असलेल्या एका रूमला हा नियमच नाही, कारण तिथे पाहुणे गेटवर पास बनवण्यातच वीस मिनिटं घालवतात.

"दारातच का दाबायचं, मेलमधून का नाही?" सुरुवातीला आठवणीच्या मेलमध्येच चेक-इनची लिंक होती. लोक घरून दाबायचे. रूम रिकामी, दिवा लाल, आणि बुक करणारा बाणेरला स्वतःच्या बाल्कनीत. लिंक काढून टाकली. मग दुसरी युक्ती निघाली. एक दिवस 11:05 ला मी पाचव्या मजल्यावर होते, तेव्हा पँट्रीतले मामा पाण्याच्या बाटल्यांची ट्रॉली घेऊन आले, राजगडचं बटण दाबलं आणि पुढे गेले. विचारलं तर म्हणाले, "साहेबांनी सांगून ठेवलंय, मॅडम. ते येतात साडेअकरापर्यंत." मामांना काय बोलणार? साहेबांशी बोलले. पण यंत्राला बोट कोणाचं ते कळत नाही, ही या पद्धतीची मर्यादा आहे आणि ती राहणारच.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. लोक वेळेवर येतात, फळ्यावर लिहायला लागतात आणि बटण दाबायला विसरतात. 11:15 ला बाहेरचा दिवा हिरवा. आत सहा जण तावातावाने बोलतायत, बाहेरचा माणूस आपलं नवीन बुकिंग दाखवत दार उघडतो, आणि नियमाप्रमाणे तो बरोबर असतो! रूममधल्या स्क्रीनवरून कॉल जोडला तर आमच्याकडे तेच चेक-इन धरलं जातं, त्यामुळे व्हिडिओवर बसणाऱ्यांना हा त्रास नाही. फळ्यावर काम करणाऱ्यांना होता. त्यांच्यासाठी तोरणात छताला सेन्सर लावला.

सेन्सर आहे तर बटण कशाला, हा त्यावरचा नेहमीचा प्रश्न. हा स्वस्तातला सेन्सर हलणारी ऊब ओळखतो. एकटा माणूस वीस मिनिटं स्तब्ध बसून काही वाचत असेल तर त्याच्या लेखी रूम रिकामी. हाउसकीपिंगच्या ताई टेबल पुसून गेल्या तर रूम भरलेली. (काचेपलीकडे पॅसेजमध्ये फिरणाऱ्यांचा त्याला त्रास नाही, कारण अंगाची ऊब त्या काचेतून जात नाही.) म्हणून त्याला आम्ही अर्धाच अधिकार दिलाय. आत हालचाल दिसली तर तो रूम सुटू देत नाही, पण हालचाल नाही म्हणून तो चेक-इन झालेली रूम सोडवतही नाही.

खरं सांगायचं तर सुटलेल्या त्या चाळीस मिनिटांपेक्षा मला कोणती रूम कधी सुटली याची यादी जास्त कामाची वाटते. पहिल्या महिन्यात तोरणा 11 वेळा सुटली. त्यात तुमच्यासारखे लिफ्टमध्ये अडकलेले दोघंच. बाकीच्या 9 मध्ये दर आठवड्याला आपोआप येणारी दोन बुकिंग्ज होती आणि त्यांचे वारही ठरलेले.

पहिलं, दर सोमवारी सकाळी 10 चं, 4 वेळा. बोलावणारा माणूस आधीच्या मार्चमध्ये नोकरी सोडून गेलेला. त्याचं खातं बंद झालं, पण तोरणाच्या कॅलेंडरवरची त्याची मालिका तशीच. शेवटची तारीख घातलेलीच नव्हती. पंधरा मिनिटांचा नियम दर सोमवारी फक्त त्या दिवसापुरती रूम सोडवत होता, पुढच्या सोमवारी भूत पुन्हा हजर. नकाराचा मेल जात होता तो बंद खात्यावर, म्हणजे वाचणारं कोणीच नाही. आता एच.आर.कडून निरोपाची तारीख कळली की खातं बंद करायच्या आधी आयटीवाले एक्सचेंजच्या पॉवरशेलमध्ये ही कमांड चालवतात:

```
Remove-CalendarEvents -Identity "खात्याचा पत्ता" -CancelOrganizedMeetings -QueryWindowInDays 365
```

याने त्या माणसाने बोलावलेल्या पुढच्या वर्षभराच्या मीटिंग्ज रद्द होतात आणि रूमही मोकळ्या होतात. खातं उडवल्यावर मात्र हे जमत नाही. मग रूमच्या कॅलेंडरमध्ये शिरून हाताने काढत बसावं लागतं. तोरणाचं ते मीच काढलं.

दुसरं बुकिंग संध्याकाळचं, 5 वेळा. बोलावणारी बाई बॉस्टनची, तिकडे दर बुधवारी सकाळी 9 वाजता. उन्हाळ्यात ते आपल्याकडे संध्याकाळी 6:30 ला यायचं आणि पुण्याची टीम तोरणात बसायची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेने घड्याळं मागे घेतली आणि तेच 9 आपल्याकडे 7:30 झाले. बुकिंग मुकाट्याने एक तास पुढे सरकलं. इथली माणसं सातच्या बसने घरी जाऊन फोनवरून कॉल घ्यायला लागली, आणि तोरणा आठवड्यातून एकदा 7:30 ला कोणाचीतरी वाट बघत बसली. तुम्ही म्हणाल, साडेसातला रूम हवी कोणाला? रात्रपाळीच्या सपोर्टवाल्यांना हवी असते, त्यांची शिफ्ट बदलायची वेळ तीच. नकाराचा मेल सकाळी 9:15 ला बॉस्टनला पोचत होता. तिला वाटलं आमची यंत्रणा बिघडलीये, म्हणून एका बुधवारी तिने तोरणा पुन्हा मागवली आणि ती त्या दिवशी दोनदा सुटली. म्हणूनच चार बुधवारांत पाच.

तिला फोन करून सांगितलं तेव्हा ती खूप हसली आणि रूम काढून टाकली. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुन्हा पुढे जातील, तेव्हा रूम परत लागेल, तर इथल्याच कोणीतरी आपल्या नावाने बुक करा एवढं ठरलं.

त्यानंतर आम्ही एक जोड दिली. एकाच मालिकेतली रूम लागोपाठ तीनदा सुटली की माझ्याकडे तशी सूचना येते. मी बोलावणाऱ्याला फोन करते. मेल नाही, फोनच. "हो हो, ती मीटिंग आम्ही कधीच बंद केली, कॅलेंडरवरून काढायची राहिली," हे उत्तर इतकं ठरलेलं आहे की पुढचं वाक्य मीच बोलते. आणि नवीन मालिका आता तीन महिन्यांपेक्षा लांबची घेत नाही, पुढे हवी तर पुन्हा बुक करायची. यावर बरीच कुरकुर झाली. चालू आहे अजून.

तुमच्या मंगळवारचं म्हणाल तर तुमचं नाव त्या यादीत एकदाच आहे, तुमची काही मालिका सुटत नाही. उशीर होणार असं दिसलं तर टीममधला जो कोणी पाचव्या मजल्यावर आधीच बसलेला असेल त्याला सांगा, बटण तुम्हीच दाबायला हवं असं नाही. फक्त मामांना सांगू नका.