दहा तारीख कशाची?

दिवाळी होऊन गेली, कढया घासून पालथ्या ठेवल्या, तरी १६ ऑक्टोबरची ती रात्र डोक्यातून जात नाही. चूक कोणाची होती हे मी अजून ठरवते आहे. म्हणून सगळं लिहून काढते.

आमचा मिठाईचा कारखाना वरुड तालुक्यात आहे. कारखाना म्हणजे घरामागची शेड, दोन मोठ्या कढया, गॅसच्या दोन भट्ट्या आणि सीझनला सहा मुली. दुकानातली विक्री वर्षभर चालते, पण खरी कमाई दिवाळीच्या भेट-डब्यांची. जिनिंगवाले, पतसंस्था, कृषी केंद्रं, संत्र्याचे व्यापारी असे सगळे आपल्या माणसांना अर्धा-अर्धा किलोचा डबा देतात. दसऱ्याच्या आधी माझ्या पुतण्यानं व्हॉट्सॲपवर टाकायला एक छान फोटो केला आणि खाली चार ओळी लिहिल्या:

“या दिवाळीत आपल्या माणसांना वरुडच्या संत्र्याची बर्फी! किमान ऑर्डर २५ डबे. आपल्या संस्थेचं नाव व लोगो छापून मिळेल. ऑर्डरची शेवटची तारीख १० ऑक्टोबर.”

मी वाचलं, बरं वाटलं, “टाक” म्हटलं. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. पण तीन गोष्टी तीन ठिकाणच्या होत्या आणि आम्ही त्या एकाच दमात सांगून टाकल्या.

२५ हा आकडा कढईचा आहे. एका घाणाला आम्ही २० लिटर म्हशीचं दूध घेतो. ते आटून सव्वाचार-साडेचार किलो खवा होतो, दूध पातळ असलं तर चारच. साखर आणि संत्र्याचा गर धरून एका घाणाची साडेसहा किलोच्या आसपास बर्फी उतरते. वड्या पाडताना कडा जातात, मग अर्ध्या किलोचे बारा-साडेबारा डबे भरतात. म्हणजे २५ डबे म्हणजे बरोबर दोन घाण, दोन कढयांवर एकदम. त्याहून कमीसाठी भट्टी पेटवली तर गॅस आणि मुलींची रोजी निघत नाही.

ही बर्फी किती नाजूक असते ते बाहेरच्यांना कळत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात आंबिया बहाराचं फळ नुकतंच तोडणीला येतं, साल अजून हिरवट आणि आत आंबटपणा भरपूर. हा रस तसाच खव्यात घातला की खवा फाटतो आणि कढईत रवाळ पाणी सुटतं. म्हणून फोडी हातानं सोलायच्या, पांढरा पापुद्रा आणि बिया पूर्ण काढायच्या. एवढं करूनही पापुद्र्याचा तुकडा राहिलाच, तर पहिल्या दिवशी बर्फी गोड लागते आणि दुसऱ्या दिवशी जिभेच्या मागे कडू येतं. गर साखरेत वेगळा आटवायचा, बोटांत धरला तर तार सुटेल इतका. मग खवा भट्टीवरून उतरवायचा, जरा वाफ जाऊ द्यायची आणि तेव्हा गर मिसळायचा. हे काम मी अजून कोणावर सोडत नाही.

नाव छापायचा आकडा मात्र आमचा नाहीच, तो प्रेसचा. पूर्ण छापील डबा हवा तर आमचा प्रेसवाला ५०० च्या खाली मशीन लावत नाही. प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च ५० डब्यांना तेवढाच आणि ५०० ना तेवढाच, त्यामुळे त्याचंही बरोबर आहे. साध्या डब्यावर चढवायची छापील पट्टी तो १०० नगांपासून करतो, पण एका डिझाइनच्या १००. त्याहून कमी असेल तर स्टिकर. बारा बाय अठरा इंचाच्या शीटवर तीन इंची गोल स्टिकर १५ बसतात, मग शीट कितीही घ्या.

आणि १० तारीख? लोकांना वाटतं, मिठाई करायला आठवडा लागत असेल. तसं नाही. ही बर्फी आम्ही सात दिवसांच्या आत खा म्हणून लिहून देतो, ती आठवडाभर आधी करून कशी चालेल? १७ ला वसुबारस. डबे त्या दिवशी पोचवायचे म्हणजे बर्फी १५-१६ लाच होणार. १० तारीख होती डब्याची. नावाचा नमुना पास झाल्यावर प्रेसला रविवार सोडून चार दिवस लागतात, वर एसटीच्या पार्सलचा एक. १० ला नमुना पास झाला तरच १६ च्या सकाळी पट्ट्या हातात पडतात. हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, फोटोखाली कुठंच नव्हतं.

९ च्या रात्री एका जिनिंगच्या मॅनेजरचा मेसेज आला. आमचाच फोटो परत पाठवला आणि खाली लिहिलं, “१५० डबे. ऑर्डर पक्की.” मी आनंदानं “हो साहेब” लिहिलं. तिथंच चुकलं. त्याच क्षणी फोन करून विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर खरं समजलं. १५० डबे एकसारखे नव्हते. २० डबे एक किलोचे, अडत्यांसाठी. ९० अर्ध्या किलोचे, कामगारांसाठी. ४० अर्ध्या किलोचे, पण प्रत्येकावर घेणाऱ्याचं नाव. तिन्हींचं डिझाइन वेगळं. म्हणजे १५० चा आकडा मोठा दिसत असला तरी प्रेसच्या हिशेबानं एकही गठ्ठा शंभरात बसत नव्हता. मी म्हटलं, “भाऊ, तिन्हींवर एकच पट्टी लावू, फक्त डबा लहान-मोठा ठेवू.” ते म्हणाले, “मालकाले विचारून सांगतो.”

लोगो १३ तारखेला आला. फाटकावरच्या पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो, वरून विजेची तार गेलेली. प्रेसवाल्याला सीडीआर फाइल लागते, नाहीतर निदान स्वच्छ पीडीएफ. जिनिंगच्या ऑफिसात कोणाकडे ती नव्हती, बिलबुक छापणाऱ्याकडे असेल म्हणाले. तो गावाला गेलेला. १५ च्या संध्याकाळी मालकांनी नावातलं एक अक्षर बदलून नमुना पास केला. तेव्हा इकडे दोन्ही कढया सकाळपासून चालू होत्या. जवळपास पावणेतीनशे लिटर दूध मी तीन गवळ्यांकडे आधीच सांगून ठेवलं होतं, ते परत करता येत नाही.

मोठ्या कंपन्या असोत की लहान जिनिंग, मी हेच बघत आले. शेवटची तारीख आली की तिथं विचार सुरू होतो. आणि मॅनेजर मालकाला विचारायला घाबरतो, ते घाबरणं आमच्या भट्टीपाशी येऊन बसतं.

पट्टीचा वेळ गेलेला होता. प्रेसवाल्यानं स्पष्ट सांगितलं, “ताई, स्टिकरच करा, उद्या दुपारच्या गाडीनं पाठवतो.” त्याचं मला कौतुक आहे. होत नाही ते होत नाही म्हणतो. १० शीटमध्ये दीडशे बसत होते, चुकीसाठी दोन जास्तीच्या मागवल्या. चाळीस नावं मी साध्या कार्डांवर मुलींकडून हातानं लिहून घेतली आणि डब्याला दोऱ्यानं बांधली. अक्षर सुंदर आलं होतं.

१६ च्या रात्री अकराच्या सुमारास मी भरलेले डबे मोजत होते. एक डबा उचलला, बाजूला वळवला, आणि तारीख दिसेना. आमच्या डब्याच्या झाकणावरच उजवीकडे पांढरा चौकोन आहे: परवान्याचा १४ आकडी नंबर, हिरवा ठिपका, घटक, निव्वळ वजन, कधी केलं आणि कधीपर्यंत खायचं. जिनिंगचा गोल लोगो मुलींनी नेमका त्याच्यावर चिकटवला होता, कारण झाकणावर तेवढीच जागा मोकळी वाटली. मी सांगितलंच नव्हतं कुठे लावायचा. ६२ डबे झाले होते.

एक स्टिकर नखानं उचलून पाहिला. डब्याचं चकचकीत आवरणच फाटून आलं, खाली राखाडी पुठ्ठा. मुली माझ्याकडे बघत उभ्या. त्यातली एक म्हणाली, “काकू, आमाले वाटलं नाव वरच पायजे.” तिला काय बोलणार?

दुकानात बिलाच्या मशीनशेजारी लेबलचं छोटं मशीन आहे. पुतण्यानं सगळा मजकूर परत टाकला आणि ६२ लेबलं काढून डब्याच्या उभ्या बाजूला लावली. तारीख झाकून माल द्यायचा नाही, एवढं मी त्या रात्रीही सोडलं नाही. पहाटे पावणेतीनला शेवटचा डबा खोक्यात गेला.

१७ ला डबे वेळेत पोचले. मालक खाली आले, डबा हातात घेतला, स्टिकरवर अंगठा फिरवला. म्हणाले, “ताई, तुम्ही तर लिहिलं होतं छापून मिळेल. हे तं चिकटवलं आहे. आम्ही ९ तारखेलाच सांगतलं होतं.” त्यांच्या शब्दांत खोट नव्हती. त्यांनी सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. दर डब्यामागे आठ रुपये कापून पैसे दिले, म्हणजे बाराशे रुपये. मी वाद घातला नाही. बर्फी कामगारांना आवडली हे मॅनेजरनं दोन दिवसांनी स्वतःहून फोन करून सांगितलं, त्याचं बरं वाटलं. पण अंगठा फिरवताना मालकांचा चेहरा कसा झाला ते मी विसरत नाही.

२०२६ ला अधिक महिना आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. संत्री तोवर चांगली भरलेली असतील. मी आत्ताच मजकूर लिहून ठेवला आहे:

“किमान २५ डबे, एका प्रकारचे. २५ ते ९९ डब्यांना नावाचं स्टिकर. एकाच डिझाइनचे १०० किंवा जास्त असतील तर छापील पट्टी. पूर्ण छापील डबा ५०० पासून. प्रत्येकाचं नाव हवं असेल तर हातानं लिहिलेलं कार्ड. २८ ऑक्टोबरपर्यंत तीन गोष्टी आमच्या हातात हव्यात: डब्यांचा पक्का आकडा, मालकांनी पास केलेला नमुना आणि निम्मी रक्कम. तिन्ही आल्यावरच ऑर्डर पक्की.”

पुतण्या म्हणतो, “काकू, इतकं कोण वाचते? लोक फोटो पाहतात.” त्याचं खरंही असेल. तो म्हणतो शेवटची ओळ तरी काढ, गिऱ्हाइकाला कडक वाटते. मी बाकीचं कमी करायला तयार आहे. ती ओळ मी ठेवणार आहे, आणि ‘मालकांनी’ हा शब्दही.