नदी उजव्या हाताला

पहिला मेल मी तीन ओळींचा लिहिला होता. "बसने नर्मदा परिक्रमा, सतरा दिवस, माणसं २८. जेवण सात्त्विक हवं, सोबत ज्येष्ठ नागरिक आहेत, पूजेला वेळ मिळावा. कृपया कोटेशन पाठवावे." ऑफिसात दिवसभर मेल लिहिणाऱ्या बाईने लिहावा तसा, आटोपशीर. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. सोबत रंगीत पीडीएफ, प्रत्येक दिवसाला एक फोटो. मी ते कौतुकाने आत्याबाईंना वाचून दाखवायला बसले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण, वय ८२, आमच्या जथ्यातल्या सगळ्यांत वडील.

"पहिला दिवस, ओंकारेश्वर. पहाटे घाटावर संकल्प, दहा वाजता ओंकारेश्वर दर्शन. दुसरा दिवस, महेश्वर…"

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "ही परिक्रमा नाही गं. ही सहल आहे."

त्यांचं बरोबर होतं. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. उपनद्या ओलांडल्या तर चालतं, नर्मदा नाही. ओंकारेश्वराचं देऊळ मांधाता बेटावर आहे. म्हणजे संकल्प सोडून दहा वाजता दर्शनाला पूल चढलो, की परिक्रमा सकाळी सुरू होऊन सकाळीच मोडली. दर्शन घ्यायचं ते आदल्या संध्याकाळी, नाहीतर थेट शेवटी, संकल्पाला बाटलीत भरून घेतलेलं नर्मदेचं जल वाहायला. मधे ममलेश्वर आहे, ते दक्षिण तटावरच आहे.

महेश्वरची गंमत आणखी मोठी. ओंकारेश्वरहून गाडीने ते दोनेक तासांवर, नकाशात तर शेजारीच. पण ते उत्तर तटावर. दक्षिण तटाने निघालेल्या माणसाला महेश्वर गाठायला आधी पश्चिमेला समुद्रापर्यंत जावं लागतं, तिथून पलीकडे उतरून अर्धी वाट उलट यावं लागतं. अहिल्याबाईंचा घाट आपल्याला सातव्या-आठव्या दिवशी भेटतो. एजंटच्या मुलाने फोनवरच्या नकाशात दोन ठिपके जोडले होते, त्यात त्याचा काय दोष? "परिक्रमा" हा शब्द आम्ही त्याला दिला, पण नदी कुठल्या बाजूला हे सांगितलंच नाही.

मग पूर्ण पीडीएफ नकाशा समोर ठेवून तपासली, तर चौथ्या रात्री भरूचचं हॉटेल. भरूच उत्तर तटावर, अंकलेश्वर दक्षिण तटावर, मधे पूल. समुद्रापाशी नावेने पलीकडे जायच्या आदल्या रात्री भरूचला झोपायचं म्हणजे पुलावरून जायचं, झोपायचं आणि सकाळी परत अलीकडे यायचं. हॉटेल स्वस्त असेल, जेवणही चांगलं असेल, पण २८ माणसांचा संकल्प त्या एका रात्रीपायी बुडाला असता. आणि हे कुणाच्या लक्षात आलं असतं तेही पूल अर्धा चढल्यावर.

तेव्हा दुसऱ्या मेलमध्ये मी प्रत्येक मुक्कामासमोर गावाच्या नावाआधी तट लिहिला. "दिवस ४ : दक्षिण तट, अंकलेश्वर." खाली ठळक अक्षरात, "चालकाने फोनच्या नकाशातला जवळचा रस्ता घेऊ नये. नर्मदेवरच्या कुठल्याही पुलापाशी आधी आम्हाला विचारावे." हे उद्धट वाटेल का, म्हणून मी दोनदा "विनंती" घातलं. आत्याबाईंनी दोन्हीदा खोडायला लावलं. "विनंती केलीस की त्याला वाटेल, ऐच्छिक आहे."

पूजेच्या वेळा हा दुसरा घोळ. "संध्याकाळी ६ वाजता आरती" असं लिहून मोकळं होता येत नाही. आरती सूर्यास्ताला घाटावर करायची, आणि सूर्यास्त काही सतरा दिवस जागेवर बसत नाही. आम्ही निघणार नोव्हेंबरच्या शेवटाला, म्हणजे फिरायचं डिसेंबरात. भरूचकडे तेव्हा सूर्य सहाच्या आसपास मावळतो. अमरकंटक त्याच्या पार पूर्वेला, रेखांशात नऊएक अंशांचा फरक. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्यास्त अर्ध्या तासाहून अधिक आधी, साडेपाच वाजायच्या आतच. सहाची आरती म्हटली तर अमरकंटकला आम्ही थंडीत, काळोखात, ओल्या पायऱ्यांवर उभे. म्हणून लिहिलं, "सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी बस घाटापाशी उभी असावी. बस लागण्यापासून परत बसमध्ये बसेपर्यंत एक तास." आरती आणि नर्मदाष्टक मिळून पंचवीस मिनिटंच होतात. बाकीचा वेळ चपला काढणं, पायऱ्या उतरणं, वर येणं आणि "माझी चप्पल कुठाय" यात जातो. पूर्वी एका यात्रेत आम्ही नुसता "अर्धा तास" लिहिला होता. तिथला चालक विसाव्या मिनिटाला हॉर्न वाजवू लागला, आणि सगळ्यांची आरती शेवटच्या कडव्यात धावत सुटली.

नावेचं मात्र घड्याळ लिहिताच आलं नाही. ती भरतीवर सुटते, आणि भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. तेवढ्यापुरतं मी लिहिलं, "वेळ समुद्र ठरवेल. त्या रात्री खोल्या सोडायच्या वेळेचं बंधन नको. होडीत चढताना आधाराला दोन माणसं द्यावीत. शिदोरी सोबत हवी."

शिदोरीवरून आठवलं, जेवण.

"सात्त्विक" या शब्दाने काहीच कळत नाही. प्रत्येक हॉटेलवाला आपण सात्त्विकच आहोत असं मानतो. मग मी शहाणपणा करून "जैन जेवण" लिहिणार होते, कारण कांदा-लसूण नको म्हटलं की गुजरातेत हाच शब्द चालतो. पण जैन म्हटलं की बटाटाही जातो, जमिनीखालचं सगळंच जातं. आमच्याकडे एकादशीला बटाटा आणि रताळं हाच तर आधार! शेवटी मेलमध्ये सरळ लिहिलं, "कांदा नको, लसूण नको. बटाटा चालेल." गुजरातेत याला स्वामिनारायण जेवण म्हणतात हे एका भाचीने सांगितलं, तेही कंसात टाकून दिलं.

एकादश्या दोन येत होत्या. त्यातल्या एकीला पंचांगात स्मार्त आणि भागवत वेगवेगळ्या दिवशी. म्हणजे निम्मी बस आज उपाशी, निम्मी उद्या. एजंटला स्मार्त-भागवत समजावत बसण्यात अर्थ नव्हता. "या तारखेला १७ फराळ, ११ जेवणं, दुसऱ्या दिवशी ११ फराळ, १७ जेवणं," एवढं लिहिलं. फराळात काय, तर भगर. पण भगर मागितली तर मध्य प्रदेशात तोंडाकडे बघतात, तिथे ती मोरधन. गुजरातेत मोरैयो. तिन्ही नावं लिहिली. मीठ सैंधव, फोडणी जिऱ्याची, हळद नको, हिंग नको, मोहरी नको. कोथिंबिरीवर आमच्यातच तीन मतं निघाली, म्हणून ती वेगळ्या वाटीत.

मधुमेहवाले आठजण. त्यांची मागणी एकच असायची, बिनसाखरेचा चहा. पण गुजरातेतल्या वरणात आणि कढीत गूळ असतो, हे मात्र कुणी धरतच नाही. चहात साखर टाळायची आणि दोन वाट्या गोड वरण प्यायचं, मग संध्याकाळी ग्लुकोमीटर घेऊन आश्चर्य करत बसायचं! म्हणून गुजरातच्या दिवसांसाठी "बिनगुळाची डाळ, ८ जणांपुरती, वेगळ्या भांड्यात" ही ओळ आली. इन्सुलिन घेणारे दोघं आहेत. त्यांना पदार्थापेक्षा वेळ महत्त्वाची. इंजेक्शन घेऊन झालं आणि ताट अजून चाळीस मिनिटं लांब आहे, असं व्हायला नको. "जेवणाची वेळ चुकणार असेल तर एक तास आधी कळवावे."

ज्येष्ठांबद्दल तळमजला, कमोड, बसच्या पायरीखाली ठेवायला लाकडी पाट, हे कुणालाही सुचतं. सुचत नाही ती लघवीची गोळी. रक्तदाबासाठी, हृदयासाठी ती बऱ्याच जणांना सकाळी असते, आणि घेतली की पुढचे काही तास जावंच लागतं. यात्रेत काय होतं, तर संकोचापोटी माणसं ती गोळी परस्पर बंद करतात. कुणाला सांगत नाहीत. पाचव्या दिवशी पाय सुजतात, बूट चढत नाहीत, मग सगळे म्हणतात की बसून बसून सूज आली. हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून मेलमध्ये, "सकाळी निघाल्यापासून अकरापर्यंत दर सव्वा तासाला थांबा, त्यानंतर दर दोन तासांनी. पाणी असलेलं स्वच्छतागृह, झुडूप नव्हे." झुडपाचा उल्लेख ठेवावा की नाही यावर घरात चर्चा झाली. ठेवला.

मेल अखेर चार पानांचा झाला. पाठवताना मला लाज वाटली. एवढ्या अटींचं गिऱ्हाईक कोण घेईल?

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं. पीडीएफमधले फोटो गेले होते, त्याऐवजी प्रत्येक दिवसासमोर तट, सूर्यास्त आणि थांब्यांची गावं. महेश्वर आठव्या दिवशी. अंकलेश्वरची खोली तळमजल्यावर. मोरैयो मिळेल, मोरधनची खात्री नाही, ती इकडूनच बांधून घ्या. दर माणशी सातशे रुपयांनी वाढले होते, ते रास्त होते. आणि खाली, बहुधा त्याच मुलाने, एक ओळ लिहिली होती :

"मॅडम, नावेच्या दिवशी तुम्ही नावेने जाणार, पण आमची बस रिकामी भरूचच्या पुलावरून पलीकडे येणार. जलाच्या बाटल्या बसमध्येच राहिल्या तर चालेल का?"

चार पानांत हे मला सुचलं नव्हतं. संकल्पाला भरलेली ती बाटली, तिची रोज पूजा करायची, आणि आम्ही नावेत असताना तीच पूल ओलांडून जाणार!

विचारायला स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई ओट्यापाशी स्टुलावर बसून पाच-सहा बाटल्या निवडत होत्या. एकेक पाण्याने भरायची, झाकण घट्ट करायचं, उलटी करून पदरावर धरायची आणि ओल येते का बघायचं.

"नावेत मांडीवर घ्यायची," माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत त्या म्हणाल्या. "ही गळते. ती निळी दे."