सव्वा लाखाचा एक रुपया

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. आंबा भरात, त्यामुळे आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसातला फोन सकाळी आठपासूनच वाजत होता. आंबा खरेदी करणाऱ्यांसाठी आम्ही हिशेबाचं एक सॉफ्टवेअर चालवतो: कोणत्या बागायतदाराच्या किती पेट्या आल्या, त्याने मोसमाआधी किती उचल घेतली, आता त्याला किती देणं निघतं. मी तिथे टेस्टर आहे.

पावसच्या एका खरेदी केंद्रावरच्या काकूंचा फोन होता. त्या तिथला हिशेब बघतात. "अगो, एका बागायतदाराची सव्वा लाखाची उचल आहे, आणि तुमचं यंत्र एक रुपया दाखवतंय. तो बिचारा स्वतःच म्हणाला, काकू, एवढे पैसे मला कसे काय देताय?"

मी घाईघाईत बग लिहिला: 'उचलीची रक्कम चुकीची दिसते. तातडीचे.' खाली काकूंनी पाठवलेला फोटो जोडला. तासाभराने पुण्यात बसणाऱ्या आमच्या डेव्हलपरने तो परत पाठवला, शेरा 'पुन्हा घडत नाही'. मला राग आला, पण चूक माझी होती. त्याने प्रामाणिकपणे नवी उचल नोंदवली, उघडली, बदलली, जतन केली. रक्कम घातली होती 500. माझ्या बगमध्ये ती किती असावी हे कुठे लिहिलं होतं?

दुपारी स्कूटर काढून पावसला गेले. काकूंना म्हटलं, "तुम्ही रोज करता तसंच करा, मी फक्त बघते. पण आपल्या चाचणीच्या सर्व्हरवर करू, खऱ्या हिशेबाला हात नको." त्यांनी सव्वा लाखाची एक खोटी उचल नोंदवली. यादीत ती बरोबर 1,25,000 आली. मग त्यांनी 'दुरुस्ती' उघडली, बागायतदाराचा मोबाईल नंबर बदलला आणि 'जतन करा' दाबलं. यादीत 1.

"बघ, रकमेला मी बोटसुद्धा लावलं नाही," काकू म्हणाल्या. हीच गोष्ट मी सकाळी विचारायला हवी होती. रक्कम बदलताना चुकते असं मी गृहीत धरून बसले होते.

आता सीमा शोधायची होती. 999 ची उचल, फक्त नंबर बदलला: 999 च राहिली. 1000 ची उचल: 1 झाली. 12,500 च्या 12 झाल्या. आता कोडं उरलं नव्हतं. स्वल्पविराम जिथे येतो तिथे रक्कम तुटते, आणि पहिल्या स्वल्पविरामाआधीचा तुकडा तेवढा उरतो. दहा दिवसांपूर्वीच्या आवृत्तीत आम्ही मोठ्या हौसेने 'रकमा स्वल्पविरामासह दिसाव्यात' ही सोय दिली होती, दुरुस्तीच्या फॉर्ममध्येसुद्धा. जतन करताना तोच दिसणारा मजकूर पुन्हा आकड्यात बदलला जात होता.

पण काकूंनी तर या दहा दिवसांत रोजच दुरुस्त्या केलेल्या. तरी पहिल्या दोन दिवसांतली एकही रक्कम तुटलेली नव्हती. मग तेव्हा सगळं ठीक कसं? "ठीक कुठलं?" काकू म्हणाल्या, "तेव्हा जतनच होत नव्हतं. 'रक्कम आवश्यक आहे' असं सांगायचं. तुमच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले, भाषा इंग्रजी करा. केली, आणि चाललं."

मी माझ्या लॅपटॉपवर भाषा मराठी केली. दुरुस्तीत रक्कम समोर दिसतेय, १,२५,०००, आणि खाली लाल अक्षरांत 'रक्कम आवश्यक आहे'. 500 च्या उचलीलासुद्धा तेच. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दोन ओळी टाकून पाहिल्या:

```
parseInt("1,25,000")   // 1
parseInt("१,२५,०००")   // NaN
```

जावास्क्रिप्टचं हे `parseInt` डावीकडून वाचत जातं आणि न समजणारं अक्षर आलं की थांबतं. तोवर जे मिळालं ते परत देतं, तक्रार करत नाही. देवनागरी अंक त्याला पहिल्यापासूनच कळत नाहीत, म्हणून हाती `NaN` येतं. सर्व्हरकडे पाठवताना त्याचं `null` होतं आणि सर्व्हर नोंद नाकारतो. म्हणजे कारण एकच, पण मराठीत ते ओरडत होतं आणि इंग्रजीत गप्प राहून हिशेब खात होतं. आणि ओरडणाऱ्याला टाळायला आम्हीच लोकांना गप्प बसणाऱ्याकडे पाठवत होतो.

केंद्राच्या पडवीत, आंब्याच्या पेट्यांच्या बाजूला बसून मी बग नव्याने लिहिला.

शीर्षक: उचल दुरुस्त करताना रकमेला न शिवताही 1000 आणि त्यावरच्या रकमा तुटून जतन होतात (भाषा इंग्रजी).

पायऱ्या:
1. भाषा इंग्रजी ठेवा.
2. 125000 ची नवी उचल नोंदवा. यादीत 1,25,000 दिसते.
3. तिची दुरुस्ती उघडा, फक्त मोबाईल नंबर बदला, जतन करा.
4. यादी पाहा.

अपेक्षित: नंबर बदलावा, रक्कम 1,25,000 च राहावी.

प्रत्यक्ष: रक्कम 1 होते. कोणतीही सूचना येत नाही. 999 ला घडत नाही, 1000 ला प्रत्येक वेळी घडतं.

मराठीतला प्रकार त्याच बगमध्ये वेगळ्या परिच्छेदात लिहिला. वेगळा बग केला असता, तर कुणीतरी नुसता स्वल्पविराम काढून इंग्रजीचा बग बंद केला असता आणि देवनागरी अंक तसेच अडकून राहिले असते.

तीव्रतेपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. मराठीतल्या त्रुटीवर दुसऱ्या केंद्राकडून आधीच एक बग पडून होता, 'ब्लॉकर' म्हणून. आमच्या पद्धतीत ब्लॉकर म्हणजे कामच पुढे सरकत नाही आणि दुसरी वाट नाही. मराठीत नोंद अडते, पण काही बिघडत नाही; नव्या नोंदी होतात. मी तो 'मेजर'वर आणला. इंग्रजीतला ब्लॉकर म्हणता येईना, कारण सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं. 'क्रिटिकल' लिहिलं आणि कारण असं दिलं: 'पैशाची नोंद सूचनेविना बिघडते. जुनी रक्कम आपण साठवून ठेवत नाही, म्हणून ती फक्त कागदी वहीतून परत मिळते. मराठीतल्या अडचणीवर आपण दिलेला उपाय वापरकर्त्याला नेमका इथे आणतो, तेव्हा तो सल्ला आजच थांबवावा.' 'तातडीचे' हा शब्द या वेळी घातला नाही.

शेवटी एक ओळ जोडली, बिघडलेल्या नोंदी कशा ओळखायच्या याची. आपल्या पद्धतीत हजाराच्या वरच्या रकमेत पहिल्या स्वल्पविरामाआधी एक किंवा दोनच अंक येतात, म्हणून तुटलेली रक्कम नेहमी 1 ते 99 मध्येच असणार. आणि शंभराच्या आतली उचल कोण देतो? आवृत्तीच्या तारखेनंतर दुरुस्त झालेल्या, 100 पेक्षा कमी रकमेच्या नोंदी काढल्या की झालं.

डेव्हलपरचा फोन पंधरा मिनिटांत आला. "घडलं गं, पहिल्याच फटक्यात. मी 500 वर बसलो होतो." संध्याकाळपर्यंत यादी आली, चार केंद्रांच्या मिळून 23 नोंदी. काकूंच्या 9 त्यांनी वहीवरून मला फोनवर एकेक करून वाचून दाखवल्या.

"मग आता भाषा परत मराठी करू का?" त्यांनी विचारलं.

"करा. पण नवी आवृत्ती येईपर्यंत दुरुस्ती उघडूच नका, काकू."

"आणि नंबर बदलायचा असला तर?"

"वहीत लिहा."